वजन तेच, पण कंबर आणि चरबीच्या घड्या बदलल्या

> "आठ आठवडे झाले, पोरांचं वजन हलतच नाही. संघाला काय सांगू?"

कळव्यात आमच्या कबड्डीच्या पोरांना गोल बसवून मी एकाचीच वही वाचून दाखवली. "वजन तेव्हा ६८ किलो, आजही ६८. पण कंबर ८४ वरून ८१ सेंटिमीटर, मांडी ५४ ची ५५. अंगावर सहा जागी चिमटीत धरलेल्या चरबीच्या घड्यांच्या जाडीची बेरीज ९२ मिलिमीटर होती, आता ७८. उभी उडी ४६ ची ५० सेंटिमीटर. हा जागच्या जागी आहे का रे? चरबी गेली, स्नायू आला. काट्याला दोन्ही सारखेच."

घडी मात्र नीट घ्या. सरावाआधी, उजव्या बाजूला, दर वेळी एकाच माणसाने. अंगठा आणि तर्जनीने कातडी व तिच्याखालची चरबी उचलायची, स्नायू नाही. कॅलिपर, म्हणजे घडीची जाडी मोजायचा चिमटा, बोटांपासून एक सेंटिमीटरवर लावायचा आणि घडी धरूनच दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. पूर्वी आमच्याकडे दोघे मोजायचे. एका पोराची चरबी आठवड्यात वाढलेली दिसली, बिचारा जेवण कमी करायला निघाला. फरक मोजणाऱ्या हातांचा होता. बेरीज चरबीच्या टक्क्यांत बदलू नका, सूत्राची चूक वर चढते.