सिमेंट, ओल अन् ऊन: हातापायाचे अनुभव सांगा

माजलगावकर
काल शेजारी स्लॅब टाकला. एक गवंडीमामा सावलीत बसून बोटांच्या बेचक्यात खोबरेल चोळत होते, अन् मला आमचे काका आठवले. जवळजवळ अख्खं आयुष्य गवंडीकाम. हाताची पाठ जाड, करडी-काळी, मनगटापर्यंत भेगा. काम सोडून शेती धरली, थापी माळ्यावर गेली, तरी हात काही बरे होईनात. आता पायावरही चट्टे आलेत, बरोबर चपलेच्या पट्ट्याखाली. असं कुणाच्या घरी आहे का? लिहा.

स्वातीची_आई
आमच्या ह्यांचं पण सेम. उष्णता असती अंगात. ताक द्या, वांगं बंद करा.

परभणीचा_पोट्टा
भिंतीला ओल येते त्यावर वॉटरप्रूफिंग कोणतं चांगलं? पाऊस तोंडावर आलाय.

माजलगावकर
भाऊ, कातडीचा धागा आहे हा 😄

सेंटरिंगवाला
माझा भाचा बिगारी. स्लॅब फिनिशिंगला गुडघे टेकून बसला, पँट मालात भिजली. तेव्हा काहीच दुखलं नाही, उलट गार वाटलं म्हणे. संध्याकाळी पँट काढली तर दोन्ही गुडघ्यांची कातडी काळी पडून सोललेली. खाली पांढरट खोल जखम. मुकादम म्हणतो, भाजलं कामून म्हणता, जाळ कुठं होता? महिना गेला भरायला.

स्किन_ओपीडीतली_सिस्टर
सेंटरिंगवाला दादा, ते भाजणंच. ओल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर असतो, ते चुन्यासारखं खात जातं, अन् दुखायला उशीर लागतो म्हणूनच माणूस फसतो. गमबुटात माल शिरला तरी हेच होतं. भिजलेला कपडा लगेच काढायचा, वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरायचं. कोरडी पूड असेल तर आधी झटकायची, मग पाणी.

माजलगावकर, तुमच्या काकांचं वेगळं वाटतंय. नुसत्या सिमेंटच्या अन् पाण्याच्या माराने येणारं इसब सुट्टीत उतरतं. गावी जत्रेला गेला की हात मऊ पडतात. पण सिमेंटमध्ये क्रोमियम थोडंसं असतं, अन् त्याची ॲलर्जी एकदा बसली की ती अंगात राहते. काम सोडलं तरी हात धुमसत राहतात. पायाचं विचाराल तर चप्पल कातड्याची आहे का? बरंच कातडं क्रोमियमनेच कमावतात. पट्ट्याच्या मापाचा चट्टा दिसला की आम्हाला आधी तेच आठवतं.

माजलगावकर
बाबौ. कातड्याचीच आहे! आम्ही समजत होतो पायाला गजकर्ण झालं. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, लावली की चार दिवस बरं, सोडली की दुप्पट.

स्किन_ओपीडीतली_सिस्टर
तसल्या मिक्स ट्यूबमध्ये बहुतेक स्टेरॉईड असतं, ते इसब अन् गजकर्ण दोन्ही दाबून ठेवतं. गजकर्ण असेल तर उलट पसरतं, कडा पुसट होतात, मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, काळपट-जांभळं दिसतं, म्हणून लोक जुना डाग समजून सोडून देतात. पक्कं पॅच टेस्टनेच कळेल. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, मग पुन्हा दोन दिवसांनी. तोवर पाठ भिजवायची नाही.

रब्बी_खरीप
आमच्या तात्यांचं मात्र शेतातलं. तोंड, मान, कोपराची घडी काळी ठिक्कर, कातडी चामड्यासारखी जाड. सगळे म्हणायचे उन्हानं झालं, उपरणं बांधा. बांधलं, काही फरक नाही. डॉक्टरनं वरच्या पापण्या अन् कानामागं बघितलं, तिथंही होतं. म्हणाले ऊन तिथं पोचत नाही, हे गाजरगवत. उपटायला तात्याच पुढं असायचे, तेही उघड्या हातानं.

सेंटरिंगवाला
म्हणजे पापण्यांवर अन् कानामागं नसलं तर ऊन, असलं तर गवत. सोपं आहे की.

स्किन_ओपीडीतली_सिस्टर
सुरुवातीला हो. पण वर्षानुवर्षं झालं की गवतवाल्याला ऊनही सोसेनासं होतं, मग दोन्हीची सरमिसळ. तात्यांचं कुठपर्यंत आलंय ते बघावं लागेल.

स्वातीची_आई
आमच्या ह्यांना भेगा फक्त टाचेला अन् बोटांच्या बेचक्यात पांढरं भिजल्यासारखं. पाणी द्यायला रात्रभर चिखलात उभे असतात, लाईट रात्रीच येती ना.

रब्बी_खरीप
ताई त्या चिखल्या. आमच्याकडं पाय कोरडे करून बेचक्यात कापसाचा बोळा ठेवून झोपतात.

स्वातीची_आई
वांगं बंद केलंय दोन महिने, उगीच 🙈

माजलगावकर
काकांना फोन केला. चप्पल सोडायला तयार नाहीत, म्हणतात रबराची काट्यात टिकत नाही. सिस्टर, टायरची चालते का?

सेंटरिंगवाला
टायरवाली मी घालतो. पण रबराचीही ॲलर्जी असते म्हणे?

परभणीचा_पोट्टा
ते वॉटरप्रूफिंगचं कुणी सांगेल का