अनुभव धागा: आजीच्या आठवणी आणि ‘यूज्ड टू’, ‘वुड’, साधा भूतकाळ यांची वर्कशीट

धागाकर्ती, डिचोली: आठवीसाठी एक पानी वर्कशीट करतेय. बेतीला वाढलेली आजी नातीला लहानपण सांगते आणि मुलांनी रिकाम्या जागी क्रियापद भरायचं. अडतं ते असं: ‘आजी बेतीला राहायची’ आणि ‘आजी फेरीबोटीनं पणजीला जायची’, मराठीत दोन्हीकडे तेच ‘-यची’. त्यामुळे मुलं दोन्हीकडे ‘वुड’ लावतात. ज्यांनी हे शिकवलंय त्यांनी काय चुकतं ते लिहा.

शिक्षिका, फोंडा: राहणं, असणं, माहीत असणं यांना ‘वुड’ चालत नाही. पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीलाच चालतं. आमच्या वर्गात एक युक्ती उपयोगी पडते: वाक्यात ‘दर वेळी’ घालून बघायचं. ‘दर वेळी फेरीनं जायची’ जुळतं, ‘दर वेळी बेतीला राहायची’ खटकतं. खटकलं की ‘यूज्ड टू’. ‘आवडायचं’ला मात्र ही युक्ती फसते, कारण ‘दर वेळी आवडायचं’ कानाला बरं वाटतं. ते क्रियापद वेगळं सांगूनच ठेवावं लागतं.

परिच्छेद असा बेतला तर तिन्ही रूपं आपोआप येतात:

वी यूज्ड टू लिव्ह निअर द फेरी. एव्हरी सॅटर्डे माय फादर वुड टेक मी टू पणजी, अँड ही वुड बाय मी अ लाडू. वन सॅटर्डे द फेरी स्टॉप्ड इन द मिडल ऑफ द रिव्हर. वी वेटेड फॉर टू अवर्स.

पहिलं वाक्य काळ उघडून देतं. ते काम ‘वुड’कडे दिलं तर वाचणाऱ्याला कळतच नाही की गोष्ट कधीची, ‘नेलं असतं’ असाही अर्थ निघतो. काळ ठरला, ‘दर शनिवारी’ आलं, की पुढे ‘वुड’ मोकळेपणानं येऊ द्या. ‘वन सॅटर्डे’ला सवय तुटते, तिथून साधा भूतकाळ.

पालक, म्हापसा: म्हणजे फार दिवस चाललं तर ‘यूज्ड टू’ आणि एकदाच झालं तर साधा भूतकाळ. मुलांना एवढंच सांगा, पुरे.

शिक्षिका, फोंडा: अर्धंच बरोबर आहे, सर. ‘आजीनं दहा वर्षं शेतात काम केलं’ हे फार दिवस चाललं, तरी तिथे ‘वर्क्ड’च. ‘चार वेळा जत्रेला गेली’ इथेही ‘वेंट’. किती काळ किंवा किती वेळा हे मोजून सांगितलं की ‘यूज्ड टू’ही नाही आणि ‘वुड’ही नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून अशी निदान दोन वाक्यं वर्कशीटमध्ये हवीतच.

आजोबा, पेडणे: नात विचारते, ‘आजीला पहाटे उठायची सवय आहे’ हे ‘यूज्ड टू’नं कसं लिहायचं? ते यात घेणार का?

धागाकर्ती: आजोबा, ते वेगळं. ‘शी इज यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, आणि ती सवय आजही आहे. एकाच पानावर दोन्ही आणली तर मुलं ‘शी इज यूज्ड टू गो’ लिहायला लागतात. ते पुढच्या आठवड्यात घेईन.

शिक्षक, साखळी: घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांकडे लक्ष ठेवा. ‘आजी वताली’ म्हणजे ‘जात होती’ही आणि ‘जायची’ही. ही मुलं सवयीलाही ‘वॉज गोइंग’ लिहितात. त्यांना ‘कितें करताली?’ असं न विचारता ‘दर सनवारा कितें करताली?’ असं विचारलं की फरक लगेच कळतो.

नकारातही ठोकर बसते: ‘डिडन्ट’ आलं की ‘यूज’चा शेवटचा ‘ड’ लिहायचा नाही. बोलताना तो ऐकूच येत नाही, त्यामुळे नुसतं तोंडी घेतलं तर चूक दिसत नाही. लिहूनच घ्या. आणि उत्तरसूचीत ‘वी लिव्ह्ड निअर द फेरी’ हेही बरोबर धरा. साधा भूतकाळ जवळजवळ सगळीकडे चालतो. एकच उत्तर छापलं तर अचूक लिहिणाऱ्याचे गुण जातात. ‘यूज्ड टू’च हवं असेल तर सूचनेत तसं स्पष्ट लिहा.

धागाकर्ती: हे माझ्या सूचीत नव्हतं, बदलते. एक वाक्य अजून अडलंय: ‘पोदेर सकाळी पाव घेऊन यायचा.’ पोदेर आजही येतो. मग ‘यूज्ड टू कम’ चुकीचं धरायचं का?

शिक्षक, साखळी: मी चूक धरतो. ‘यूज्ड टू’ वाचलं की ‘आता येत नाही’ असंच मनात येतं. ‘वुड कम’ लिहावं.

शिक्षिका, फोंडा: मी धरत नाही. तसं मनात येतं हे खरं, पण ‘अँड ही स्टिल डझ’ जोडलं तर वाक्य उभं राहतं. मुलानं ते जोडलं असेल तर पूर्ण गुण. नुसतं ‘यूज्ड टू कम’ लिहिलं असेल तर तिथे थांबून वर्गालाच विचारते, पोदेर अजून येतो का.