शब्दचर्चा: चिखलातले ठसे, माग आणि दुडकी चाल

पाटीपुस्तक
हिप्परगा तलावाचं पाणी मागे हटलंय. त्या काठच्या ओल्या गाळात कुणातरी प्राण्याचे ठसे दिसले, त्याचा फोटो जोडलाय. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. प्रश्न दोन. एक म्हणजे याला ठसे म्हणू, पाऊलखुणा म्हणू की माग? दुसरा, फोटोत प्रत्येक ठिकाणी दोन-दोन ठसे आहेत, डावीकडे मोठा आणि उजवीकडे जरा पुढे लहान. मुलं म्हणतात, आई आणि पिल्लू शेजारी-शेजारी चालत गेलंय. तसं लिहू का? मापासाठी दहा रुपयांचं नाणं ठेवलंय. आणि एक विचित्र गोष्ट, फोटोत ठसे खोल न दिसता वर आलेल्या पुऱ्यांसारखे दिसतात. माझ्या एकटीलाच तसं दिसतंय का?

चादरवाला
माग काढायचा म्हणजे मिस्त्री बोलवा, एकट्याचं काम नाही. आमच्याकडे दोन यंत्रमाग काढून जागा मोकळी केली तेव्हा सहा माणसं लागली होती. पण तलावाकाठी माग कुणी नेला?

पाटीपुस्तक
दादा, कापडाचा माग नाही हो. पावलांचा माग.

चादरवाला
मग ठसेच म्हणा ताई. सोलापुरात पोरांनी 'माग' वाचलं की पूर्व भागातली खडखडच डोळ्यासमोर येणार.

शब्दकोडे
ठसा म्हणजे दाबून उमटवलेली आकृती, मोहोर किंवा छाप. प्राण्याला ठसा उमटवायचा नसतो, त्यामुळे 'पाऊलखूण' हाच नेमका शब्द. चालीबद्दल म्हणाल तर दोन ठसे जवळ-जवळ आहेत म्हणजे प्राणी चौखूर उधळलाय. घोडा भरधाव पळतो तेव्हा पाय असेच एकत्र पडतात.

माळावरचा
ताई, आधी फोटो उलटा करून बघा, वरची बाजू खाली. ऊन फोटोत खालच्या अंगानं आलंय आणि आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय असते, म्हणून खड्डा फुगीर वाटतो. फिरवला की ठसे आत जातील. सकाळी-संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढला ते बरं केलंत. दुपारी काढला असता तर सावलीच पडली नसती आणि नखं दिसली नसती.

आता आई-पिल्लाचं. ते एकच जनावर आहे. कुत्र्याच्या जातीतल्या सगळ्यांचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा आणि रुंद असतो, कारण डोकं, मान, छाती यांचं वजन पुढच्या पायांवर येतं. तुमच्या फोटोत मोठा ठसा कायम डाव्या बाजूला आहे आणि लहान कायम उजव्या बाजूला, त्याच्या जरासा पुढे. अशा चार जोड्या मोजता येतात आणि जोडी-जोडीतलं अंतर जवळपास सारखं आहे. पिल्लू असतं तर त्याची पावलं आईच्या पावलांपेक्षा जवळ-जवळ पडली असती, कारण त्याचे पाय आखूड. आईच्या चार पावलांना त्याची सहा-सात तरी झाली असती. शिवाय पिल्लू इतकं शिस्तीत चालत नाही. ते मागे राहतं, पळत पुढे जातं, मध्येच आईचा ठसा तुडवतं.

पाटीपुस्तक
उलटा केल्यावर लगेच आत गेले! वर्गात हीच गंमत आधी दाखवणार. पण मग चारही पाय एकाच जनावराचे, तर पुढचे सगळे डावीकडे आणि मागचे सगळे उजवीकडे कसे? डाव्या-उजव्या बाजूला दोन-दोन पडायला नकोत का?

माळावरचा
तेच बघण्यासारखं आहे. रस्त्यानं जाणारं एखादं गावठी कुत्रं मागून बघा. ते घाईत असेल पण जीव घेऊन पळत नसेल, तर त्याचं अंग सरळ नसतं. डोकं एका बाजूला, ढुंगण दुसऱ्या बाजूला, असं जरा तिरकं अंग टाकून चाललेलं असतं. दुडक्या चालीत तिरप्या जोडीतले पाय बरोबर हलतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरे दोन. त्यात मागचा पाय पुढे येतो तेव्हा त्याच बाजूच्या पुढच्या पायावर आपटायची भीती असते. अंग तिरकं केलं की मागचे पाय बाजूनं निघून जातात. म्हणून पुढच्या पायांची एक ओळ आणि मागच्या पायांची शेजारी दुसरी ओळ पडते. तुमच्या जनावराचं मागचं अंग उजवीकडे होतं.

शब्दकोडे, तुमचं निम्मं बरोबर आहे. भरधाव पळताना पाय एकत्र पडतात खरे, पण दोन नाही, चार. चार ठशांचा एक पुंजका, मग मोठी मोकळी जागा, मग पुन्हा चारांचा पुंजका. शिवाय जोरात पळणारा पाय चिखल मागे ढकलतो, ठशाच्या मागच्या कडेला मातीची उशी तयार होते आणि नखांच्या जागी माती खरवडलेली दिसते. इथे कडा स्वच्छ आहेत. घाबरून पळालेलं जनावर नाही हे.

शब्दकोडे
चारांचा पुंजका, मान्य. पण मग 'चौखूर' हा शब्द तिथेही चालणार नाही, कारण कुत्र्या-कोल्ह्याला खूर नसतो. पंजा असतो. आणि 'दुडकी' घोड्याची किंवा रांगणं सोडून नुकतं पळू लागलेल्या बाळाची.

उजनीकाठ
आमच्याकडे म्हातारी माणसं 'कुत्रं चौखूर पळालं' असंच म्हणतात, कुणी खुरं मोजत नाही.
माझा वेगळाच प्रश्न आहे. मागच्या महिन्यात आमच्या उसाच्या सरीत हाताच्या पंजाएवढे ठसे होते. गाव म्हणतं बिबट्या. रात्रीचं पाणी द्यायला कुणी जाईना. फोटो नाही माझ्याकडे, पण नखं मात्र स्पष्ट उठली होती.

माळावरचा
नखं स्पष्ट असतील तर बिबट्या असायची शक्यता फार कमी. मांजराच्या जातीतली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात. अगदी निसरड्या जागी किंवा झेप घेताना ती बाहेर येतात, म्हणून 'नाहीच' असं सांगत नाही. पाणी दिलेल्या सरीत ठसा पसरतो आणि आहे त्यापेक्षा बराच मोठा दिसतो, हेही धरा. मोठं कुत्रं असेल किंवा तरस. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो, तिथे दोन मापांचे ठसे होते का ते आठवून बघा. बाकी फोटोशिवाय सांगता येणार नाही, तोवर रात्री दोघं मिळून जात जा.

पाटीपुस्तक
आणि माझं जनावर कुठलं? मुलांनी 'लांडगा' लिहून ठेवलंय, नान्नजचं अभयारण्य जवळ आहे म्हणून.

माळावरचा
दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. तुमचा मोठा ठसा त्याच्या दुपटीपेक्षा थोडा कमी, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या आसपास. वाढलेल्या लांडग्याचा याहून बराच मोठा असतो. आमच्या मेंढरांच्या वाघरीभोवती सकाळी बघायचो तेव्हा लांडग्याच्या ठशात काड्यापेटी ठेवली तरी कडेनं जागा उरायची. खोकडाचा याहून लहान. राहिले दोघं, कोल्हा आणि गावठी कुत्रं. तिरकी चाल दोघांचीही असते, त्यामुळे चालीवरून याचा निकाल लागत नाही.

त्यासाठी मोठ्या ठशातली मधली दोन बोटं बघावी लागतात. कोल्ह्याच्या पुढच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जुळलेल्या असतात, कुत्र्याच्या सुट्या. जुळलेल्या असतील तर चिखलात त्या दोघींच्या मध्ये मातीची वरंबी पूर्ण उठत नाही, मागे बंद होते. तुमच्या दुसऱ्या जोडीत मला तसं वाटतंय. पण ही काळी माती आहे. ती पायाला चिकटून पायाबरोबर वर येते आणि बारीक वरंब्या मोडून टाकते. पहिल्या आणि चौथ्या ठशात काहीच कळत नाही.

शब्दकोडे
कोल्हा आणि खोकड हे एकाच प्राण्याचे समानार्थी शब्द ना?

माळावरचा
नाही. खोकड लहान, कानाची पानं मोठी, शेपटीचं टोक काळं, माळावर बीळ करून राहतं. कोल्हा त्याहून मोठा, गावाच्या उकिरड्यापर्यंत येतो, ऊस खातो. गोष्टीतल्या धूर्त कोल्ह्याचं चित्र मात्र पुस्तकात बहुतेक वेळा लाल, झुपकेदार शेपटीचं काढतात, ते यांतलं कुठलंच नाही. आमच्याकडेही काही गावांत दोघांना सरसकट कोल्हाच म्हणतात, त्यामुळे कुणी 'कोल्हा बघितला' म्हटलं की मी आधी केवढा होता ते विचारतो.

चादरवाला
ऊस खातो हे खरं आहे बगा. मेहुण्याच्या शेतात बुडख्यापाशी चावलेली कांडकी पडलेली असतात.
पण मला ते कापडाच्या मागाचं अजून सुटेना. पावलाचा माग आणि विणायचा माग एकच शब्द का?

शब्दकोडे
पावलाचा माग 'मार्ग'वरून आलाय, प्राकृतात 'मग्ग'. विणायच्या मागाचं तसंच असेल असं मी ठामपणे म्हणणार नाही. कुणी नीट व्युत्पत्ती दिली तर बघू.

माळावरचा
व्युत्पत्ती तुम्ही बघा. वापराचं मी सांगतो. आमचे आजोबा ठसा आणि माग यांत फरक करायचे. चिखलातलं एक पाऊल म्हणजे ठसा. ते बघून जनावर कुठलं ते कळतं. ठशामागून ठसे जोडत गेलं की माग, त्यावरून ते कसं चाललं, कुठे थबकलं, कुठे वळलं ते कळतं. 'माग लागला' म्हणायचे, 'माग तुटला' म्हणायचे. खडकावर गेलं की माग तुटतो, ठसा तुटत नाही. 'पाऊलखुणा' त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही, तो थोरामोठ्यांच्या चरित्रातला शब्द.

शब्दकोडे
चरित्रातला असला तरी चुकीचा नाही.

पाटीपुस्तक
मी असं लिहायचं म्हणते: "हिप्परगा तलावाकाठच्या गाळात उमटलेले ठसे. एकच प्राणी, बहुधा कोल्हा. मोठे ठसे पुढच्या पायांचे, लहान मागच्या पायांचे. मागावरून दिसते की तो अंग तिरके करून दुडक्या चालीने गेला." चालेल?

माळावरचा
'बहुधा' काढू नका. आणि दोन जोड्यांमधलं अंतर लिहा. फोटोवरून मला साधारण पंधरा नाणी, म्हणजे चाळीस सेंटिमीटर वाटतंय, पण फोटो तिरपा काढलाय, लांबच्या जोड्या जवळ दिसतात. जमलं तर जागेवर जाऊन टेप लावा.

पाटीपुस्तक
काल गेले होते. गाळाला भेगा पडल्यात आणि एक भेग नेमकी दुसऱ्या जोडीतून गेलीय. ठसा दीड नाण्याचा होता तो आता दोन नाण्यांहून मोठा भरतोय.

माळावरचा
मग ते माप घेऊ नका, भेगेनं ठसा फाकवलाय. पायांमधलं अंतरही भेगा सोडून मोजा. पण दीड नाणं कुठून आलं? फोटोत मला दोनाच्या जवळ दिसला होता. तुम्ही लहान ठसा मोजला की मोठा?

पाटीपुस्तक
बघते. लहान असावा.