मदत हवी आहे: बाळंतपणाच्या कळांची भीती, आणि एपिड्युरल मिळेल की नाही हेच कुणी नीट सांगत नाही

रानजाई:
कुणीतरी स्पष्ट सांगा. मला कळांची इतकी भीती वाटते की रात्री झोप लागत नाही. वहिनीच्या बाळंतपणात मी दवाखान्यातच होते, तिचं ओरडणं अजून कानात आहे. मी एपिड्युरल मागितलं तर डॉक्टर म्हणाल्या, "त्या वेळी बघू, तुझं जरा वेगळं आहे." सासूबाई म्हणतात मणक्यात सुई घेतली की कंबर कायमची जाते. श्वासाचे व्यायाम शिकवतात त्या वर्गात नाव घातलंय, पण श्वासाने काय होणार? एपिड्युरल घ्यावं की नाही? लवकर सांगा.

सातारी:
कितवा महिना? पहिलं की दुसरं? गाव कुठलं? काहीच लिहिलं नाहीस, सांगणार काय?

अंगणवेल:
अजिबात घेऊ नकोस. माझ्या सिझरला मणक्यात सुई दिली, आज सहा वर्षं झाली, कंबर दुखतेच आहे. सासूबाई बरोबर सांगतायत.

केतकी_लेस्टर:
अंगणवेल, तुम्हाला सिझरच्या वेळी बहुतेक स्पायनल दिलं असेल. ते एकदाच टोचतात आणि काही मिनिटांत कमरेखालचं सगळं बधिर होतं. ती विचारतेय त्या एपिड्युरलमध्ये बारीक नळी पाठीत ठेवून थोडं थोडं औषध सोडत राहतात.
मला इथे आधी गॅस दिला होता. निम्मा ऑक्सिजन, निम्मा नायट्रस ऑक्साइड, तोटी आपल्याच हातात. कळ शिगेला पोचल्यावर ओढला तर उपयोग नाही, सुरू होतेय असं वाटलं की लगेच ओढायचा. दुखणं गेलं नाही, पण लांब गेल्यासारखं झालं. रानजाई, तुझ्याकडे गॅस असेल तर विचारून ठेव.

वाटसरू:
ही सगळी शहरी फॅडं आहेत. आमच्या आजीची नऊ बाळंतपणं घरी झाली. रोज कपालभाती आणि भस्त्रिका करा, कळा जाणवणारसुद्धा नाहीत.

निशिगंध:
वाटसरू, गरोदर बाईला कपालभाती सांगू नका. पोटाला असे झटके द्यायचे नसतात. आणि कळांमध्ये भराभर श्वास घेतला तर ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, बाई आणखी घाबरते. मी भूलतज्ज्ञ आहे, हे नेहमी बघते.
रानजाई, "तुझं जरा वेगळं आहे" म्हणजे काय? प्लेटलेट किती आहेत? काही औषधं, इंजेक्शनं चालू आहेत का? हे कळल्याशिवाय घ्यावं की नाही याला उत्तर नाही.

रानजाई:
३४वा आठवडा, पहिलंच. म्हणजे आधी दोनदा राहिलं नाही, म्हणून पोटात रोज एक इंजेक्शन घेते, रात्री ९ला. ते तर सगळ्यांचंच असतं ना? प्लेटलेट नॉर्मल म्हणाले. गाव तालुक्याचं आहे.

निशिगंध:
सगळ्यांचं नसतं, आणि हेच तुझं "वेगळं". पुडक्यावर काय लिहिलंय? एनोक्सापॅरिन? किती मिलीग्रॅम?

रानजाई:
हो, तेच. ४०.

निशिगंध:
मग नीट वाच. ते रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध आहे. एपिड्युरलची नळी ठेवतात तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. एखादी टोचली गेली तर एरवी रक्त आपोआप थांबतं. अंगात हे औषध जोरात असेल तर रक्त साठून नसांवर दाब येऊ शकतो. हे फार क्वचित होतं, पण झालं तर पायांची ताकद जाऊ शकते. म्हणून ४० च्या रोजच्या एका डोसनंतर आम्ही निदान १२ तास थांबतो. डोस मोठा असेल तर २४.
आता तुझा हिशेब. समज रात्री ९ला इंजेक्शन घेतलंस आणि पहाटे ३ला कळा सुरू झाल्या. सकाळी ९पर्यंत मी सुई लावणार नाही. पण पहिलटकरणीच्या कळा बहुधा बराच वेळ चालतात, ९ वाजता तू अजून कळांतच असण्याची शक्यता चांगली आहे. पिशवीचं तोंड अमुकच सेंटीमीटर उघडायला हवं, असा नियमही नाही. म्हणजे दार बंद नाही, उशिरा उघडेल.
उलट, संध्याकाळी ७ला कळा आल्यासारखं वाटलं आणि सवयीने ९ला इंजेक्शन घेतलंस, तर आणखी १२ तास गेले. कळा वाटल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर पुढचा डोस न घेता आधी दवाखान्यात फोन. मात्र आजपासून मनाने बंद करू नकोस. ते तुला ज्या कारणासाठी दिलंय ते कारण अजून आहे. शेवटच्या आठवड्यांत काही डॉक्टर लवकर उतरणाऱ्या साध्या हेपॅरिनवर आणतात, काही तारीख ठरवून कळा आणतात. तुझ्या डॉक्टरांचा बेत काय आहे, हे आत्ताच विचार.

सातारी:
आणि कंबरेचं?

निशिगंध:
टोचलेली जागा काही दिवस दुखते. कायमच्या कंबरदुखीचं खापर सुईवर फोडता येत नाही, एपिड्युरल न घेतलेल्या बायकांचीही तितकीच दुखते. खरे त्रास वेगळे आहेत. बीपी उतरतं, एकाच बाजूला बधिर होतं आणि नळी सरकवावी लागते, जोर करायचा टप्पा थोडा लांबतो. साधारण शंभरात एकीला सुई आतल्या पडद्यातून जाते, मग बसलं की डोकं फुटतं, आडवं पडलं की थांबतं. त्यावर उपाय आहे.

अंगणवेल:
मग माझी कंबर का दुखते? डॉक्टर लोक आपलं कधी चुकलं म्हणतात का?

निशिगंध:
अंगणवेल, दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. तपासून घ्या.

नीलपंख:
मला पहिल्या बाळंतपणानंतर इतकी भीती बसली होती की दुसरं नकोच म्हणायचे. समुपदेशक बाईंकडे चार वेळा गेले. त्यांनी "घाबरू नकोस" एकदाही म्हटलं नाही. नेमकी कशाची भीती, ते लिहायला लावलं. दुखण्याची कमी होती. पाय धरून ठेवले होते आणि काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं, ती भीती होती. दुसऱ्या वेळी तेच आधी बोलून ठेवलं: तपासण्याआधी सांगा, नवऱ्याला जवळ ठेवा.
श्वासाचं म्हणशील तर त्याने दुखणं थांबत नाही. एक कळ साधारण मिनिटभराची. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर घेतलं की एका कळेत सहाच श्वास बसतात. तिसरा-चौथा वाईट, पाचव्यापासून उतार. मी कळा मोजल्या नाहीत, श्वास मोजले. जबडा सैल ठेवायचा, तो आवळला की सगळं अंग आवळतं.

मालन_काकू:
डिंकाचे लाडू आत्ताच करून ठेव गं, नंतर कुणाला वेळ मिळत नाही. खोबरं भाजून घाल.

रानजाई:
नीलपंखताई, वाचून रडूच आलं. वहिनी आत एकटी होती, आम्हाला बाहेर बसवलं होतं. मला बहुतेक तेच नकोय.
आज डॉक्टरांना फोन केला. इंजेक्शनचं ३६व्या आठवड्यात ठरवू म्हणाल्या. पण भूलतज्ज्ञ शहरातून येतात, बोलावल्यावर पाऊण तास. रात्री येतीलच असं नाही. मग शहरात नाव नोंदवू का? आईकडून ते तीस किलोमीटर आहे.

निशिगंध:
त्या भूलतज्ज्ञांना आत्ताच एकदा भेट. कळांच्या नळीसाठी रात्री येता का आणि नंतर थांबता का, दोन्ही विचार. सिझरला येणारा माणूस कळांसाठी रात्रभर थांबेलच असं नाही.

सातारी:
तीस किलोमीटर म्हणजे घाट आहे का मध्ये?

रानजाई:
हो, घाट आहे.