अनुभव धागा: ऑनलाइन शिकवणी, आगाऊ फी आणि रद्द झालेल्या तासिका

बाराखडी

मी गेली चार वर्षे परदेशातील मराठी कुटुंबांच्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावरच चालतो. शिकवण्याची अडचण फारशी येत नाही. अडचण येते ती हिशेबाची. मी 8 तासिकांचे पॅकेज 4,000 रुपयांना देत असे आणि ते केव्हापर्यंत वापरायचे याची मुदत ठेवली नव्हती. एका कुटुंबाने सहल, वाढदिवस आणि सर्दी अशा कारणांनी मध्ये पाच आठवडे गाळले, त्यामुळे आठ तासिका संपायला 13 आठवडे लागले. त्या काळात मंगळवारची संध्याकाळ मी त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती. कागदावर मला तासिकेला 500 रुपये मिळत होते. राखलेल्या वेळेच्या हिशेबाने आठवड्याला जेमतेम 308 रुपये पडले. आपण पॅकेज कसे बांधता, रद्द झालेल्या तासिकांचे काय करता आणि विद्यार्थी वर्षानुवर्षे कसे टिकतात, हे प्रत्यक्ष अनुभवासह सांगावे, अशी विनंती.

भूमितीकर

मी नववी-दहावीचे गणित शिकवतो. आधी घरी शिकवत असे, 2020 पासून ऑनलाइन. बाराखडीताई, आपण तासिका विकत होता, पण आपला खरा माल म्हणजे ती मंगळवारची वेळ. घरच्या शिकवणीत हा गोंधळ होत नव्हता, कारण तिथे महिन्याची फी असे आणि मुलगा दोन दिवस आला नाही म्हणून कोणी पैसे परत मागत नसे. ऑनलाइन आल्यावर आपण सगळे उगाच तासिका मोजायला लागलो.

मी पुन्हा महिन्याच्या फीवर आलो, पण एक बदल करून. फी दर महिन्याला चार तासिकांचीच घेतो. वर्षात 52 आठवडे असतात आणि बारा महिन्यांच्या तासिका होतात 48, म्हणजे ज्या महिन्यात पाच मंगळवार येतात तिथला पाचवा मंगळवार माझ्याकडे शिल्लक राहतो. असे वर्षाला चार, क्वचित पाच दिवस मिळतात. रद्द झालेल्या तासिकेची भरपाई फक्त त्या दिवशी होते. ज्याची काही बाकी नाही, त्याला त्या दिवशी सुट्टी आणि मलाही. जूनमध्येच त्या तारखा पालकांना लिहून देतो. यामुळे 'गुरुवारी घेता का, नाहीतर रविवारी सकाळी?' ही रोजची घासाघीस थांबली. गणपती आणि दिवाळीचा आठवडा मात्र मी आधीच वगळून ठेवतो, नाहीतर भरपाईचे सगळे दिवस त्यातच संपतात.

रद्द करण्याची वेळही मी 24 तासांची ठेवत नाही. संध्याकाळी पाचच्या तासिकेसाठी आदल्या दिवशी पाचपर्यंत कळवा, असे सांगितले तर त्या वेळी पालक कामावर असतात आणि विसरतात. आदल्या रात्री नऊपर्यंत, एवढेच सांगतो, आणि ते पाळले जाते. नऊनंतर रद्द केले तर भरपाई नाही. आजारपणाचे सत्रातून एकदा माफ करतो आणि त्यासाठी दाखला मागत नाही.

पहिलाधडा

मी सात महिन्यांपूर्वी सुरुवात केली आहे. माझ्या मते यावर सोपा उपाय आहे: पूर्ण सहा महिन्यांच्या 24 तासिकांची फी एकदम घ्यावी आणि सवलत द्यावी. पैसे गुंतले की कुटुंब सोडून जात नाही आणि तासिकाही रद्द करत नाही. माझा सुटा दर 600 आहे. एकदम भरले तर 450 प्रमाणे 10,800 रुपये घेतो. आतापर्यंत कोणी सोडलेले नाही.

भूमितीकर

पहिलाधडा, सोडून जात नाही हे काही अंशी बरोबर आहे. रद्द करत नाही, हे मात्र माझ्या अनुभवाशी जुळत नाही. पैसे भरून झाले की 'तासिका कुठे पळून जातात' असे वाटू लागते. शिवाय सातव्या महिन्यात नव्हे, तर नवव्या तासिकेनंतर कोणी सोडले, तर काय परत देणार, हे ठरवले आहे का? पालक म्हणतील, नऊ तासिकांचे 450 प्रमाणे 4,050 झाले, 6,750 परत द्या. तुम्ही म्हणाल, सवलत पूर्ण पॅकेजसाठी होती, म्हणून नऊ तासिका 600 प्रमाणे 5,400 च्या झाल्या आणि परत मिळतील 5,400. दोघेही आपापल्या जागी खरे. हे 1,350 रुपयांचे भांडण मी केले आहे आणि त्यात पैसे वाचले, पण त्या पालकांच्या ओळखीने आलेली आणखी दोन मुले गेली. आता परताव्याचा हिशेब फी घेण्याआधी, त्यांच्याच रकमेचे उदाहरण घालून लिहून देतो. आणि आगाऊ आलेले पैसे शिकवून होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवतो, कारण ते अजून माझे झालेले नसतात.

दोन मुलांची आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. प्रश्न कदाचित माझ्यासाठी नाही, तरीही लिहिते. आमच्या मुलीच्या शिकवणीत नियम सगळे आमच्यासाठी होते. आम्ही उशिरा कळवले तर तासिका गेली, पण शिक्षिकेची वीज गेली की 'पुढे कधीतरी घेऊ'. असे सहा वेळा झाले आणि त्यातल्या दोनच भरून मिळाल्या. आम्ही पैशांवरून सोडले नाही, या एकतर्फीपणावरून सोडले.

बाराखडी

हे मला लागू पडते, असे कबूल करते. मार्चमध्ये अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे गेली आणि मी ते विसरले. न्यू जर्सीची मुलगी तिच्या नेहमीच्या सकाळी साडेदहाला आली. ते आपल्याकडचे रात्रीचे आठ होते. मी हिवाळ्याच्या हिशेबाने नऊला बसले आणि तिची वाट पाहत राहिले. तिच्या वहीत 'मावशी आल्या नाहीत' असे तिने स्वतः लिहिलेले तिच्या आईने मला पाठवले. त्यात 'नाहीत'ची वेलांटी बरोबर होती, म्हणून मला रागावताही येईना. ती तासिका कोणाच्या खात्यात टाकायची?

उम्लाउट

तुमच्याच. वेळ विद्यार्थ्याच्या घड्याळाने ठरवा आणि निमंत्रणात त्यांच्या शहराची वेळ लिहा. इंग्लंडमधील घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे अमेरिकेनंतर दोन-तीन आठवड्यांनी. त्या मधल्या काळात माझे सगळे वेळापत्रक एकमेकांवर चढते.

टिकण्याबद्दल थोडे लिहितो. मी पुण्यातून प्रौढांना जर्मन शिकवतो. माझे विद्यार्थी परीक्षेपर्यंत राहतात आणि A1 झाले की गळतात. त्यात माझा दोष शोधणे मी सोडून दिले आहे. मात्र परीक्षेनंतर थांबून पुढचे विचारण्याऐवजी मी परीक्षेच्या तीन आठवडे आधीच A2 चा पहिला पाठ घेतो. त्यांना पुढचे पुस्तक हातात धरल्यासारखे वाटते आणि निम्मे तरी पुढे येतात. दुसरे म्हणजे, सोडण्याची चाहूल लागते. एक तासिका रद्द झाली तर कारण खरे असते. सलग दोन रद्द झाल्या आणि मधला गृहपाठही आला नाही, तर मनात निर्णय झालेला असतो. अशा वेळी मी फीचे नाव काढत नाही, फक्त गृहपाठातले एकच वाक्य सुधारून पाठवतो. काही जण उत्तर देतात.

पहिलाधडा

परताव्याचे आजच लिहून पाठवतो. पण ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत, त्यांना आता नवा नियम लावणे योग्य ठरेल का?

भूमितीकर

माझ्या मते नाही. चालू पॅकेज जुन्या बोलीवरच पूर्ण करावे. इतरांनी काय केले, हे वाचायला आवडेल.