नोटा वाढल्या की व्याज उतरतं, मग आपल्याकडं शेकडा दोन का उतरत नाही बे?

नवीपेठ_नाका: साधी गोष्ट आहे. रिझर्व बँकेनं पैसा वाढवला की बँकांत बचत जास्त होते, म्हणून व्याज कमी होतं. केन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं त्याला रोखता पसंती, म्हणजे लोकांना रोकड हाताशी ठेवायला आवडतं, असलं नाव देऊन उगाच अवघड केलंय. आणि सोलापुरात सावकार वर्षानुवर्षं महिन्याला शेकडा दोनच घेतो, म्हणजे ती थिअरी खोटीच आहे की.

जुना_खजिनदार: हे वाचता वाचता चहा गार झाला माझा. बावीस वर्षं बँकेच्या ट्रेझरीत रोखे घेण्या-विकण्यात गेली, म्हणून राहवत नाही.

बचत वाढली म्हणून व्याज उतरतं हे केन्सच्या आधीचे लोक सांगायचे, आणि त्यालाच विरोध म्हणून १९३६ साली त्यानं पुस्तक लिहिलं. माझ्या आजीनं जन्मभर बचत केली, डाळीच्या डब्यात ठेवली, एक पैसा व्याज मिळालं नाही. बचत होतीच की! व्याज मिळतं ते रोकड हातची सोडल्याबद्दल.

आता पैसा वाढतो तेव्हा होतं काय? रिझर्व बँक कुणाच्या घरी बंडल पोचवत नाही, ती सरकारी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाचे कागद, विकत घेते आणि विकणाऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात. आता त्याच्याकडं लागतो त्यापेक्षा जास्त पैसा झाला, तो दुसरा रोखा घ्यायला धावतो. पण एकानं दिलेला पैसा दुसऱ्याच्या हातात येतो, बाजारातून नाहीसा होत नाही. मग तो दुसराही धावतो. वर्षाला ७ रुपये कायम देणारा रोखा धरा. १०० ला मिळत होता तेव्हा व्याज ७ टक्के. ओढाताणीत त्याची किंमत १४० झाली, रुपये तेच ७, म्हणजे व्याज ५ टक्क्यांवर आलं. कुठं थांबतं? लोक म्हणायला लागतात की ५ टक्क्यांसाठी कशाला अडकायचं, राहू दे पैसा हाताशी, तिथं. तोच वाढलेला पैसा आता लोक राजीखुशीनं धरून बसलेत. यात बचत एका रुपयानंही वाढायची गरज पडली नाही.

कॉमर्स_क्लास: सर, बरोबर, पण एवढं लांबवायची गरज नव्हती. आलेखावर पैशाची रेघ उभी, उजवीकडं सरकवली, व्याज खाली. मी पोरांना दोन मिनिटांत शिकवतो. पैसा वाढला की व्याज उतरणारच, नेहमी.

सूत_आणि_टॉवेल: तुमची रेघ घेऊन एकदा आमच्या एमआयडीसीत या. सूतवाला तीस दिवसांची उधारी देतो, एकतिसाव्या दिवसापासून शेकडा दोन चालू. गिऱ्हाईक टॉवेलचे पैसे नव्वद दिवसांनी देतं. मधले साठ दिवस मी काय खाऊ, कडक भाकरी? रिझर्व बँक बँकांना ज्या दरानं उधार देते तो रेपो किती उतरला ते टीव्हीवर कळतं, सूतवाल्याला नाही कळत.

आत्या_होटगीरोड: माझा पण प्रश्न घ्या. मुदत ठेव जानेवारीत संपली, नूतनीकरणात एक टक्का कमी. आणि पोरानं एका पतसंस्थेतून घरासाठी कर्ज घेतलंय, ते १४ टक्के होतं, १४ टक्केच आहे. ठेवीचं व्याज कमी करायला यांना एक दिवस लागतो, कर्जाचं करायला यांचं संचालक मंडळ बसतच नाही.

नवीपेठ_नाका: बघा! मी हेच म्हणतोय.

सूत_आणि_टॉवेल: आत्या, पोराला बँकेत का नाही पाठवलं? बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या व्याजाची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, रेपो हलला की तीन महिन्यांत हप्ता हलतो. पतसंस्थेला ते लागू नाही.

आत्या_होटगीरोड: बँकेनं पगारपत्रक मागितलं, पोरगा गाड्यावर शेंगाचटणी विकतो, कुठनं आणू? तुम्ही शहाणपणा शिकवू नका.

सूत_आणि_टॉवेल: मी मदतच करत होतो ओ.

कॉमर्स_क्लास: धाग्याचा विषय हप्ता नाहीये. कृपया विषयावर या.

आत्या_होटगीरोड: तुमचा पगार येतो म्हणून तुम्हाला विषय वेगळा दिसतो.

अक्कलकोट_एक्सप्रेस: सगळे थांबा जरा. कॉमर्ससाहेब, "नेहमी" म्हणालात ना? ६ जून २०२५ ला रेपो अर्धा टक्का उतरवला, वर सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व बँकेत सक्तीनं ठेवायचा ठेवींचा हिस्सा, चार टप्प्यांत १ टक्का कमी करायचं जाहीर केलं, म्हणजे बँकांकडं साधारण अडीच लाख कोटी मोकळे. आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं व्याज पुढच्या दोन-अडीच महिन्यांत खाली नाही, वर गेलं. रेघ कुठं गेली तुमची?

कॉमर्स_क्लास: एखादा अपवाद असतोच.

जुना_खजिनदार: अपवाद नाही, केन्सचाच दुसरा भाग आहे, तो क्लासमध्ये राहून जातो. लोक रोकड खर्चासाठी ठेवतात, अडीअडचणीसाठी ठेवतात, आणि तिसरं, उद्या व्याज वाढेल या भीतीनं ठेवतात. त्या दिवशी रिझर्व बँकेनं धोरणाचा सूर "तटस्थ" करून टाकला. बाजारानं ऐकलं की कपात आता संपली. ज्यानं आणखी कपात येणार म्हणून रोखे भरून ठेवले होते तो विकायला निघाला, किंमत पडली आणि व्याज चढलं. पुढं सरकारी कर्जाच्या पुरवठ्याचीही धास्ती होती. एक दिवसाचं, आठवड्याचं व्याज पैशाच्या मुबलकतेनं दबलेलं राहिलं, लांब मुदतीचं मात्र लोकांच्या अंदाजाच्या ताब्यात.

भीती किती पुरते ते बघा. वरचा १४० चा रोखा, ५ टक्के. व्याज नुसतं पाव टक्का वाढून ५.२५ झालं तर किंमत साधारण १३३, म्हणजे ६ रुपये ६७ पैसे गेले. वर्षभराचे ७ रुपये जवळपास साफ. आणि व्याज २ टक्क्यांवर असेल तर रोखा ३५० चा, तिथं नुसतं ०.०४ टक्का वाढलं तरी वर्षाचं उत्पन्न जवळपास बुडतं. म्हणून व्याज फार खाली गेलं की लोक पैसा कितीही ओता, धरून बसतात. रेघ सरकते, व्याज हलत नाही.

अक्कलकोट_एक्सप्रेस: हे पाव टक्क्याचं गणित मला माहीत नव्हतं. पण तुमचा चहा गार झाला हे सांगायची गरज नव्हती.

कॉमर्स_क्लास: ठीक आहे, "नेहमी" मागं घेतो. पोरांच्या पेपरात मात्र रेघच येणार, तुम्ही तपासायला येणार नाही.

नवीपेठ_नाका: सगळं कळलं. माझा सावकार?

जुना_खजिनदार: ही थिअरी ज्या व्याजाबद्दल बोलते ते सरकारी रोख्यासारख्या न बुडणाऱ्या कागदाचं. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, त्यात पैसे बुडायची भीती, तारण नसणं, आणि तुला दुसरीकडं कुणी उभं करत नाही हे सावकाराला ठाऊक असणं, हे सगळं आहे. तो फरक केन्सनं त्या एका दरात कोंबलेला नाही, तेवढं तुझं मान्य. पण थिअरी खोटी नाही होत त्यानं.

नवीपेठ_नाका: म्हणजे गरिबाच्या व्याजाला थिअरीच नाही. चालू द्या.

सूत_आणि_टॉवेल: गड्ड्याच्या यात्रेत सगळी रोकड बाजारात जाते तेव्हा तर सूतवाला अडीच म्हणतो. ते तरी तुमच्या खर्चासाठी ठेवलेल्या रोकडीत बसतं का?

जुना_खजिनदार: अर्धं बसतं. सणासुदीला लोक बँकेतून नोटा काढतात, बँकांकडची शिल्लक आटते आणि बाजारातलं एका दिवसाचं व्याज थोडं वर जातं, हे देशभर दिसतं. तुमचा वरचा अर्धा टक्का मात्र त्यानं नाही, तुमची गरज ओळखून तो लावतो.

आत्या_होटगीरोड: आणि माझ्या ठेवीचं काय ते राहिलंच.