मदत हवी आहे: हॉलमध्ये बसून सलग दोन तास कसे मिळवायचे?

पैठणची_लेक
वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे. एकच हॉल, चौदा माणसं, पार्टिशन नाही. माझं टेबल प्रिंटरला लागून, त्यामुळे प्रिंट घ्यायला आलेला प्रत्येक जण काही ना काही विचारतोच.

दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची यादी येते, 20 च्या आत 3बी रिटर्न भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदी रजिस्टर आणि 2बी जुळवायचं, साधारण सहाशे बिलं. बरीचशी एक्सेलमध्ये जुळतात, पण सप्लायरनं 457 लिहिलंय आणि आपल्याकडे 0457 चढलंय, अशी बिलं डोळ्यांनीच बघावी लागतात.

मागच्या वेळी टॅलीत एकच बिल या दोन्ही नंबरांनी चढलं होतं. एक जुळवलं, तेवढ्यात स्टोअरचे दादा आले, "मॅडम, जॉबवर्कवाल्याचं पेमेंट गेलं का?" उत्तर देऊन वळले आणि दुसऱ्यावरही जुळल्याची खूण केली. लाखाच्या बिलावरचं 18,000 चं क्रेडिट दोनदा घेतलं गेलं. पुढच्या महिन्यात ते उलटवताना खूप वाईट वाटलं. सकाळी 10 ते 12 ही वेळ कशी राखू?

लातूरकर_85
हेडफोन घाला ताई. मोठे, दिसणारे. गाणी नाही लावली तरी चालतंय.

मराठवाडी_माणूस
आवाजाचा त्रास असेल तर मेडिकलमध्ये कानात घालायचे बोळे मिळतात. आमच्या मिलमध्ये सगळेच वापरायलेत.

पैठणची_लेक
@मराठवाडी_माणूस, आवाजाचं काही नाही हो दादा, त्याची सवय आहे. माणसं येऊन विचारतात, तो प्रश्न आहे.
@लातूरकर_85, हेडफोन करून पाहिलं. आता खांद्यावर टकटक करतात.

जमाखर्च
वीस वर्षं कारखान्यांच्या अकाउंट्समध्ये काढलीत, म्हणून सांगतो. हेडफोन नुसतं "येऊ नका" म्हणतो, "कधी या" हे सांगत नाही. समोरच्याचं काम अडलेलं असतं, तो टकटक करणारच. टेबलावर पाटी लावा, पण तिच्यावर "12 वाजता मोकळी" असं लिहा.

त्याआधी तीन दिवस एक वही ठेवा. कोण आलं, किती वाजता, काय विचारलं आणि ते 12 पर्यंत थांबलं असतं का, एवढंच. सल्ले त्यानंतर.

नांदेडची_सई
मी काउंटरवर असते, समोर लोकांची रांग. आम्हाला दोन तास कोण देणार? वाचूनच हेवा वाटायलाय.

पैठणची_लेक
तीन दिवसांची वही झाली. 10 ते 12 मध्ये एकूण 31 वेळा कुणीतरी आलं. त्यातले 17 जण स्टोअरचे, आणि त्यातले 12 प्रश्न "पेमेंट गेलं का" हाच. खरोखर न थांबणारे चारच: गेटवर गाडी उभी, बिलाचा आणि पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, रेट वेगळा, ड्रायव्हर खोळंबलेला. सगळे साडेदहा ते साडेअकराच्या मधले.

जमाखर्च
म्हणजे तुम्ही नेमकी त्यांच्या गाड्या यायची वेळ धरलीत. दुपारी अडीच ते साडेचार घेऊन बघा. रोज पावणेदहाला कालच्या पेमेंटची यादी स्टोअरच्या ग्रुपवर टाका, ते बारा प्रश्न तिथेच मिटतील. गाडीच्या प्रश्नासाठी शेजारच्या सहकाऱ्याला पीओ बघायची परवानगी मागून घ्या. त्या बदल्यात सकाळी तुम्ही त्यांचे फोन घ्या, नाहीतर आठवड्यात ते कुरकुरतील.

तरी कुणी आलंच तर मान वर करण्याआधी चिठ्ठीवर ओळ नंबर आणि पुढची कृती लिहा: "ओळ 212, 0457 दोनदा आहे का बघायचं". सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवलंय की अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही भाग अडकून राहतो. पुढे 2018 मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी अशी चिठ्ठी तपासली. परत आल्यावर काय करायचं हे लिहून ठेवलं की मधल्या कामात लक्ष जास्त लागतं, असं त्यांना आढळलं. तुम्हाला तर ओळही सापडेल.

लातूरकर_85
दुपारी जेवणानंतर झोप येत नाही का पण?

पैठणची_लेक
अडीचला येते थोडी. म्हणून आधी अर्धा तास एक्सेलची सोपी जुळवणी करते, डोळ्यांची बिलं तीननंतर.

या महिन्यात 15 ते 18 असे चार दिवस केलं. स्टोअरचे दादा आता आधी ग्रुप बघतात. दुपारच्या दोन तासांत रोज तीन-चार जणच आले आणि चिठ्ठीमुळे लगेच ओळ सापडली. 3बी 19 लाच गेलं.

पण सर केबिनच्या दारातूनच हाक मारतात, "मॅडम, जरा या." चारपैकी तीन दिवस, दोनदा तर पंचवीस मिनिटं गेली. त्यांना पाटी कशी दाखवायची?

जमाखर्च
पाटी नको. ती वही दाखवा, आणि 14 तारखेच्या आधी दाखवा. दोनदा घेतलेलं 18,000 चं क्रेडिट आणि सरांच्या हाकांत गेलेला वेळ एकाच पानावर लिहून न्या. माझ्या एका साहेबांनी ऐकलं होतं, दुसऱ्यांनी नाही.

पैठणची_लेक
सोमवारी नेते. काय म्हणतात ते इथेच लिहीन.